सेव्हियातले जेवण: पालक-चण्याचे कौतुक आणि पाककृतीची विनंती

पुण्यात माझ्याकडे स्पॅनिश शिकलेली एक विद्यार्थिनी पदव्युत्तर शिक्षणाच्या एका सत्रासाठी स्पेनच्या दक्षिणेकडील आंदालुसिया प्रदेशाच्या राजधानीत, म्हणजे सेव्हियात, राहत होती. तेथील एका वर्गमैत्रिणीने तिला ईस्टरपूर्व उपासकाळातील एका शुक्रवारी घरी जेवायला बोलावले. त्या काळात शुक्रवारी मांस न खाण्याची प्रथा अनेक घरांत आजही पाळली जाते, आणि मुलगी शाकाहारी असल्याचे मैत्रिणीच्या आईला आधीच सांगितलेले असल्यामुळे ताटात सेव्हियाचा अगदी घरगुती पदार्थ आला: एस्पिनाकास कोन गार्बान्सोस, म्हणजे पालक आणि काबुली चणे. तळलेला पाव, लसूण आणि जिरे यांच्या वाटणाने दाट केलेली ही भाजी आहे. मुलीला ती मनापासून आवडली आणि तिची कृती शिकावी असे तिला वाटले. त्या जेवणात काय बोलले गेले, कुठे अडखळले आणि कुठे जमले, हे तिने मला नंतर सविस्तर सांगितले. व्याकरण बरे असलेला मराठी माणूस स्पॅनिश घरात नेमका कोठे अडतो, हे या एका प्रसंगात फार स्वच्छ दिसते, म्हणून तो येथे क्रमाने मांडतो आहे.

उच्चारांबद्दल एक सूचना आधीच देतो. खाली वाक्ये पुस्तकी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. सेव्हियाच्या बोलण्यात अक्षराच्या किंवा शब्दाच्या शेवटचा ‘स’ बहुधा हवेत विरतो, त्यामुळे ‘एस्तान ब्वेनीसिमास’ हे कानावर ‘एहतान ब्वेनीसिमा’ असे पडते. आपण पुस्तकी उच्चार केला तरी काही बिघडत नाही, मात्र ऐकताना ही तयारी ठेवावी. ‘ख’ हा घशातून, घासून उच्चारायचा आहे.

दुपारचे जेवण तेथे दोन ते साडेतीनच्या दरम्यान होते. दारातून आत शिरताच मुलगी म्हणाली, “के ब्येन उएले!”, म्हणजे “काय छान वास सुटलाय!” हे वाक्य तिने वर्गात पाठ केले होते आणि ते योग्य वेळी आले. स्पॅनिश घरात कौतुकाची सुरुवात पहिल्या घासापासून होत नाही, ती वासापासून होते, आणि ताट समोर आल्यावर “के पिन्ता त्येने!”, म्हणजे “दिसतेय किती छान!”, हा दुसरा टप्पा असतो. या दोन उद्गारांना काही विशेष अर्थ असतो असे नाही, पण ते गाळले तर पाहुणा शांत बसून परीक्षा घेतो आहे असे वाटू शकते. कोणीतरी “के आप्रोबेचे”, म्हणजे “सावकाश जेवा”, असे म्हणते, त्याला “ग्रासियास, इग्वालमेन्ते”, म्हणजे “धन्यवाद, तुम्हीही”, एवढे उत्तर पुरे, आणि मग जेवण सुरू होते.

पहिली अडचण पहिल्या घासानंतर आली. मुलगी म्हणाली, “सोन मुइ ब्वेनास.” तिला म्हणायचे होते की भाजी फार छान आहे. आईने मान डोलावली आणि म्हणाली की हो, पालकात लोह भरपूर असते. मुलीला वाटले की आपले बोलणे नीट ऐकू गेले नाही, म्हणून तिने तेच वाक्य मोठ्याने पुन्हा म्हटले, आणि आईने पुन्हा पालकाच्या गुणांबद्दल सांगितले.

आईने बरोबर ऐकले होते. स्पॅनिशमध्ये ‘असणे’ या अर्थाची दोन क्रियापदे आहेत, ‘सेर’ आणि ‘एस्तार’. मुलीने वापरलेले ‘सोन’ हे ‘सेर’चे रूप आहे. पदार्थाबद्दल ‘सेर’ वापरले की बोलणे त्या पदार्थाच्या जातीबद्दल होते: पालक ही वस्तू चांगली, प्रकृतीला हितकारक. आज, या ताटात, या बाईंनी केलेली भाजी चवीला कशी लागते आहे, हे सांगायला ‘एस्तार’ लागते: “एस्तान ब्वेनीसिमास” किंवा “एस्तान रिकीसिमास.” म्हणजे मुलीने पालकाचे कौतुक केले, स्वयंपाकाचे नव्हे, आणि आईने त्याला साजेसेच उत्तर दिले.

मला येथे थोडे थांबावेसे वाटते, कारण ही चूक मराठी माणसाने खरे तर करायला नको. आपण पंगतीत “आमटी छान आहे” असे क्वचितच म्हणतो, आपण म्हणतो “आमटी छान झालीये.” त्या ‘झालीये’मध्ये कोणीतरी ती केली आहे आणि ती आज जमली आहे, हे दोन्ही येते. स्पॅनिशमध्ये याच्या अगदी जवळचे, रोज वापरले जाणारे वाक्य आहे: “ते आन सालीदो ब्वेनीसिमास”, म्हणजे “तुझ्या हातून फार छान झाल्यात.” आदरार्थी बोलायचे असेल तर ‘ते’च्या जागी ‘ले’ घालायचे: “ले आन सालीदो ब्वेनीसिमास.” माझ्या विद्यार्थिनीने मनात मराठी वाक्य इंग्रजीतून फिरवून मग स्पॅनिशमध्ये आणले, आणि त्या फेऱ्यात ‘झालीये’ गळून पडले. मराठीतून थेट गेली असती तर अचूक वाक्यापाशी पोहोचली असती. तेव्हापासून मी वर्गात हा भाग ‘सेर’ आणि ‘एस्तार’च्या तक्त्याने शिकवत नाही, ‘झालंय’पासून शिकवतो.

आणखी एक बारकावा याच वाक्यात दडला आहे. एस्पिनाकास हा शब्द स्त्रीलिंगी अनेकवचनी आहे, म्हणून ‘एस्तान’ आणि ‘ब्वेनीसिमास’. पदार्थ तांदळाचा असता तर ‘एस्ता ब्वेनीसिमो’ झाले असते, सूप असते तर ‘एस्ता ब्वेनीसिमा’. तोंडात घास असताना लिंग-वचनाचा हिशेब करणे नवशिक्याला जड जाते. त्यावर स्थानिक लोकही सर्रास वापरतात असा सोपा मार्ग आहे: पदार्थाचे नाव न घेता “एस्तो एस्ता रिकीसिमो”, म्हणजे “हे फारच चविष्ट झालंय”, असे म्हणावे. ‘एस्तो’ला लिंग-वचनाची अडचण नाही, त्यामुळे वाक्य कधीच चुकत नाही. ‘देलिसिओसो’, म्हणजे ‘स्वादिष्ट’, हा शब्दही बरोबर आहे, पण स्पेनमध्ये घरच्या टेबलावर तो थोडा छापील वाटतो. तेथे ‘रीको’, ‘ब्वेनो’ आणि त्यांची ‘ईसिमो’ लावलेली रूपे अधिक सहज येतात.

यातले ‘ब्वेनो’ हे विशेषण व्यक्तीला लावताना मात्र फार जपावे लागते. “एस्तास मुइ ब्वेना” हे वाक्य एखाद्या स्त्रीला उद्देशून म्हटले तर त्याचा अर्थ तिच्या शरीराबद्दल होतो, आणि तो जेवणाच्या टेबलावर कोणालाही नको असतो. घाईत ‘एस्ता’चे ‘एस्तास’ झाले की हा अपघात घडू शकतो. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचे कौतुक करायचे असेल तर वेगळी वाक्ये आहेत: “कोसीनास दे माराबीया”, म्हणजे “तू अप्रतिम स्वयंपाक करतेस”, किंवा “त्येने उस्तेद मुइ ब्वेना मानो पारा ला कोसीना.” या दुसऱ्या वाक्याचा शब्दशः अर्थ ‘तुमचा हात स्वयंपाकाला फार चांगला आहे’ असा होतो, आणि आपण ‘काकूंच्या हाताला चव आहे’ म्हणतो तेच ते. हे वाक्य मराठी तोंडाला लगेच बसते आणि ऐकणाऱ्या आईला ते मनापासून आलेले कळते.

मैत्रिणीने टेबलाखालून इशारा केल्यावर मुलीने आपले वाक्य सुधारले: “एस्तान रिकीसिमास, दे बेर्दाद.” (‘दे बेर्दाद’ म्हणजे ‘खरंच’.) आईचा चेहरा खुलला, पण उत्तर आले ते असे: “सि नो त्येने नादा. ओय मे आन केदादो उन पोको सोसास.” म्हणजे “अगं, त्यात काहीच नाही. आज तर जरा अळणीच झाल्यात.” मुलगी गप्प झाली. तिला वाटले, बाईंनी विषय संपवला, आणि शिवाय भाजी अळणी नव्हती हे सांगणे म्हणजे यजमानांचे म्हणणे खोडणे होईल.

येथे गप्प बसणे हाच खरा धोका आहे. कौतुकाला लगेच ‘धन्यवाद’ न म्हणता ते थोडे बाजूला सारणे, हे स्पॅनिश घरांत नेहमीचे आहे, आणि आपल्याकडेही “आज मीठ जरा कमीच पडलंय बहुतेक” हे वाक्य यजमानीणबाई कौतुक ऐकल्यावरच उच्चारतात. त्यावर पाहुणा गप्प राहिला तर मीठ कमी असल्याची कबुली मिळते. स्पॅनिशमध्ये यासाठी दोन अक्षरांचे उत्तर आहे: “के बा!”, म्हणजे “छे, काहीतरीच!” आणि लगेच पुढे “एस्तान एन सु पुन्तो”, म्हणजे “अगदी बेताची, जशी हवी तशी झालीत.” यजमानांचे बोलणे खोडल्याचा दोष ‘के बा’ला कधी लागत नाही; त्या बाईंनी ते वाक्य खोडले जावे म्हणूनच म्हटलेले असते.

त्यानंतर मुलीने जे केले ते मला या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल वाटते, आणि ते तिने कोणी न शिकवता केले. तिने पुन्हा ‘छान, छान’ म्हटले नाही. तिने चवीचा एक घटक उचलला: “से नोता एल कोमीनो. मे रेक्वेर्दा आ मि कासा”, म्हणजे “जिऱ्याची चव जाणवते, मला घरची आठवण येते.” आणि मग: “त्येने उन साबोर तोस्तादो मुइ रीको. दे के एस?”, म्हणजे “खरपूस अशी एक छान चव आहे, ती कशाची?” आईने चमचा खाली ठेवला आणि उत्तर दिले, “देल पान फ्रीतो”, तळलेल्या पावाची. मग आपोआप पुढचे आले: पाव आणि लसूण तेलात तळून खलबत्त्यात कुटायचे, त्याला माखादो म्हणतात, आणि हे तिच्या आईकडून आले.

सर्वसाधारण स्तुतीला साधारणच उत्तर मिळते. चवीतली एखादी गोष्ट नेमकी ओळखून दाखवली की करणाऱ्याला कळते की पाहुणा खरोखर लक्ष देऊन जेवतो आहे, आणि तो स्वतःहून सांगायला लागतो. पाककृती मागण्याआधीच तिचा निम्मा भाग हाती आलेला असतो, आणि मागणी नंतर केली तरी ती अचानक आलेली वाटत नाही. भारतीय पाहुण्याला जिरे ओळखता येणे स्वाभाविक आहे, आणि या विशिष्ट पदार्थात ते ओळखून दाखवणे फार सुंदर जमले.

याउलट ‘इन्तेरेसान्ते’, म्हणजे ‘रोचक’, आणि ‘दिफेरेन्ते’, म्हणजे ‘वेगळे’, हे शब्द टाळावेत. पाहुण्याला चव आवडली नाही पण तसे म्हणवत नाही, असाच त्यांचा अर्थ घेतला जातो.

वाढण्याच्या बाबतीत मुलीला आपली सवय नडली असती. आई म्हणाली, “ते पोन्गो उन पोकीतो मास?”, म्हणजे “थोडी आणखी वाढू का?” आपल्याकडे पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचे आणि आग्रहाची वाट पाहायची, ही रीत. तेथेही आग्रह होतो, पण तो होईलच याची खात्री धरू नये. ‘नो, ग्रासियास’ हा बऱ्याचदा खरा नकार म्हणून घेतला जातो आणि भांडे परत जाते. नुसते ‘ग्रासियास’ म्हटले तर ते हो की नाही, हे कळत नाही. हवी असेल तर “सि, पोर फाबोर”, म्हणजे “हो, कृपया”, असे स्पष्ट म्हणावे. त्याहून चांगले म्हणजे आपणच विचारावे: “प्वेदो रेपेतीर?”, म्हणजे “मी पुन्हा घेऊ का?” स्वयंपाक करणाऱ्याला याहून मोठी पावती नसते. मुलीने पुन्हा घेतली, आणि उरलेला रस पावाने पुसून घेताना म्हणाली, “एस्तो एस्ता पारा मोखार पान.” रस्सा इतका छान की पाव बुडवून खावा, असा याचा अर्थ. घरच्या जेवणात हे म्हणणे आणि करणे दोन्ही चालते. औपचारिक मेजवानीत मात्र करू नये.

आता विनंतीकडे येऊ. तिची वेळ मुलीने बरोबर निवडली. जेवण संपल्यावर कॉफीबरोबर टेबलावरच गप्पा मारत बसण्याच्या वेळेला तेथे सोब्रेमेसा म्हणतात, आणि ती तासभरही चालते. वाढण्याची धांदल संपलेली असते, आई बसलेली असते, आणि समोर तोर्रीखास आलेले असतात: दुधात किंवा वाईनमध्ये भिजवून, अंड्यात घोळवून तळलेले आणि मधात बुडवलेले पावाचे तुकडे, याच काळातले गोड. (“येबा बीनो?”, म्हणजे “यात वाईन आहे का?”, हे विचारण्यात काहीही गैर नाही.) जेवताना पहिल्याच घासाला कृती मागितली तर ती घाई वाटते, दारात चप्पल घालताना मागितली तर यजमानांना नीट सांगता येत नाही.

मुलीने वाक्य तयार ठेवले होते: “मे एन्कान्तारीया आप्रेन्देर आ आसेर्लास. ले इम्पोर्तारीया दार्मे ला रेसेता?” म्हणजे “मला ही करायला शिकायला फार आवडेल. मला पाककृती द्यायला तुमची काही हरकत नाही ना?” आईचे उत्तर होते: “नो, ईखा, के मे बा आ इम्पोर्तार!” मुलीने ‘नो’ ऐकले आणि लगेच माफी मागितली. आई गोंधळली. मैत्रीण हसून मध्ये पडली, तेव्हा उलगडा झाला.

आई म्हणत होती, “नाही गं पोरी, माझी कसली हरकत!” प्रश्न ‘हरकत आहे का’ असा होता, त्याचे उत्तर ‘नाही’ असेच येणार. मराठीत “तुमची हरकत नाही ना?” याला आपण “छे, मुळीच नाही” म्हणतो, आणि त्याचा अर्थ ‘अवश्य’ असतो. येथेही मराठीचा धागा हाती होता, पण परक्या भाषेत ‘नो’ हा एकच शब्द कानात घुमला. खूण अशी की खरा नकार एवढ्या उत्साहात येत नाही. ‘ईखा’, म्हणजे ‘बाळ’ किंवा ‘पोरी’, हे संबोधन पुढे आले की बाई आनंदाने देणार आहेत असे समजावे. ज्यांना हा धोका पत्करायचा नाही त्यांनी “मे पोद्रीया दार ला रेसेता?”, म्हणजे “मला पाककृती देऊ शकाल का?”, असे विचारावे, त्याला होकार ‘सि’नेच मिळतो. काही घरांत खरोखरच एखादी कृती बाहेर देत नाहीत, म्हणून “सि नो एस उन सेक्रेतो दे फामीलिया”, म्हणजे “घरातले गुपित नसेल तर”, ही जोड दिली की यजमानांना सौजन्याने बाजूला होण्याची वाट मोकळी राहते.

आदराचा प्रश्न याच्याही आधी येतो. मुलीने पहिल्यापासून आईला ‘उस्तेद’, म्हणजे ‘तुम्ही’, म्हटले, आणि ते बरोबरच होते. पण अर्ध्या तासात आई म्हणाली, “तुतेआमे”, मला ‘तू’ म्हण. मैत्रिणीच्या आईला ‘तू’ म्हणणे मराठी मुलीच्या जिभेवर येईना, आणि ती संपूर्ण जेवणभर ‘उस्तेद’लाच धरून राहिली. हे समजण्यासारखे आहे, तरी मी तिला नंतर सांगितले की एकदा ‘तुतेआमे’ म्हटल्यावर ‘उस्तेद’ चालू ठेवणे म्हणजे पुढे केलेला हात न धरणे होय, आणि त्यात ‘तुम्ही वयस्कर आहात’ असाही सूर लागतो. त्या निमंत्रणानंतर विनंतीही हलकी करावी: “मे दास ला रेसेता?”, म्हणजे “मला कृती देतेस का?” किंवा अधिक आर्जवाने “मे त्येनेस के दार ला रेसेता!” हे वाक्य शब्दशः ‘तुला मला कृती द्यावीच लागेल’ असे असले, तरी स्पेनमध्ये ते हुकूम म्हणून ऐकले जात नाही, स्तुती म्हणूनच ऐकले जाते. प्रत्येक वाक्याला ‘पोर फाबोर’ जोडत गेले तर मात्र घरगुती बोलणे कार्यालयीन होते.

मुलीला ‘काकू’ म्हणावेसे वाटत होते, आणि तिने एकदा ‘तीया’ म्हटलेही. हा शब्द स्वतःच्या मावशी-आत्यासाठी आहे. त्याबाहेर स्पेनमधल्या तरुण बोलीत तो ‘अगं ए’ अशा सलगीने मैत्रिणींना वापरतात, त्यामुळे मैत्रिणीच्या आईला तो शोभत नाही. तेथे आईला तिच्या नावानेच हाक मारतात. ‘सेन्योरा’ हे दुकानात ठीक, घरात दूरचे वाटते.

आईने कृती सांगायला सुरुवात केली आणि पहिलेच वाक्य आले, “पुएस यो लो आगो आ ओखो”, म्हणजे “मी तर हे अंदाजानेच करते.” जिरे ‘उन पोकीतो’, थोडेसे, व्हिनेगर ‘उन चोर्रीतो’, एक बारीक धार, मीठ ‘उना पीस्का’, चिमूटभर. मुलगी प्रत्येक वेळी “क्वान्तोस ग्रामोस?”, किती ग्रॅम, असे विचारत होती आणि आई थांबत होती, कारण तिने ते कधी मोजलेलेच नव्हते. अंदाजाने करणाऱ्या बाईंना वजन विचारणे त्यांना अडचणीत टाकते. त्याऐवजी “मास ओ मेनोस, उना कुचारादीता?”, म्हणजे “साधारण एक छोटा चमचा?”, असे विचारले तर त्यांना मान हलवून हो-नाही म्हणता येते. आणि सर्वांत उपयोगी प्रश्न असा: “कोमो से क्वान्दो एस्ता?”, “झाले हे कसे ओळखायचे?” या प्रश्नाला आईने भरभरून उत्तरे दिली.

त्यातून चार माणसांसाठी जमवलेली कृती अशी. किलोभर ताजा पालक उकळत्या पाण्यात मिनिटभर घालून काढायचा आणि घट्ट पिळायचा; तो आकसून खूपच थोडा उरतो, हे गृहीत धरायचे. शिजवलेले काबुली चणे चारशे ग्रॅमच्या आसपास घ्यायचे. ऑलिव्ह तेलात पावाचे दोन तुकडे आणि तीन-चार लसूण पाकळ्या सोनेरी होईपर्यंत तळायच्या, काढून जिरे आणि मीठ घालून कुटायच्या, आणि त्या वाटणात चमचाभर व्हिनेगर मिसळायचे. मग आईने दोन ठिकाणी आवाज चढवला. एक, त्याच तेलात पिमेन्तोन, म्हणजे स्पेनमधली धुरावलेली किंवा गोडसर लाल मिरचीपूड, घालण्याआधी कढई आचेवरून उतरवायची, कारण ती क्षणात करपते आणि सगळी भाजी कडू होते. पूड टाकताच तेल लाल व्हावे, तपकिरी नव्हे, ही खूण. दोन, पालक, चणे, चण्याचे थोडे पाणी आणि वाटण एकत्र केल्यावर मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे ठेवायचे, “आस्ता के एस्पेसे”, म्हणजे दाट होईपर्यंत. चमचा तळाशी ओढला की मागे रेघ राहावी आणि पाणी वेगळे सुटू नये. आपण ज्याला भाजी ‘मिळून आली’ म्हणतो, नेमके तेच.

या सगळ्यावर मुलीने शेवटी एक वाक्य म्हटले, आणि माझ्या मते विनंतीचे तेच सर्वोत्तम रूप आहे. तेव्हा ती प्रथमच ‘तू’वर आली होती: “मे आबीसास क्वान्दो ब्वेल्बास आ आसेर्लास, इ ते आयुदो?” म्हणजे “पुन्हा करशील तेव्हा मला सांगशील का, मी मदतीला येईन.” अंदाजाने करणाऱ्या माणसाकडून कागदावर कृती घेण्यापेक्षा त्याच्या शेजारी उभे राहणे कितीतरी चांगले, आणि हे मागणे यजमानांवर ओझे न होता सोबतीचे होते.

दुसऱ्या दिवशी तिने आईला संदेश पाठवला: “ग्रासियास पोर ला कोमीदा दे आयेर, एस्ताबा तोदो रिकीसिमो”, म्हणजे “कालच्या जेवणाबद्दल धन्यवाद, सगळंच फार चविष्ट झालं होतं.” कालचे जेवण म्हणून क्रियापद ‘एस्ताबा’, भूतकाळात. आठवड्याने स्वतः भाजी केली तेव्हा छायाचित्राबरोबर लिहिले, “नो मे आन सालीदो तान ब्वेनास कोमो आ ती”, म्हणजे “तुझ्याइतक्या चांगल्या नाही झाल्या.” उत्तरात आईने विचारले की पिमेन्तोन आचेवरून उतरवून घातले होते का. मागून घेतलेली कृती प्रत्यक्ष करून कळवणे, हाही कृतज्ञतेचाच एक भाग आहे. कळवले नाही तर ती विनंती निव्वळ तोंडदेखली होती असे वाटू शकते.

हीच वाक्ये अटलांटिकपलीकडे नेताना थोडे बदल करावे लागतात. मेक्सिकोत पदार्थ ‘होणे, जमणे’ या अर्थाने ‘सालीर’ऐवजी ‘केदार’ अधिक चालते, म्हणून “ले केदो मुइ रीको”, म्हणजे “तुमच्या हातून फार छान झालंय”, असे म्हणावे, आणि जेवणाऱ्यांजवळून जाताना अनोळखी माणसांनाही “प्रोबेचो”, म्हणजे “सावकाश जेवा”, असे म्हणावे. तेथे ‘देलिसिओसो’ अजिबात छापील वाटत नाही. कोलंबियात ‘उस्तेद’ हे जवळच्या माणसांतही वापरले जाते, त्यामुळे मराठी माणसाला ते सोयीचे पडते, आणि काही मागताना “मे रेगाला ला रेसेता?” असे म्हणतात, ज्याचा शब्दशः अर्थ ‘कृती भेट देता का’ असा असला तरी तो साधे ‘देता का’ एवढाच घ्यायचा. अर्जेंटिनात ‘तू’ऐवजी ‘बोस’ आहे आणि क्रियापदाचा शेवट आघातासह येतो: “ते सालियो रिकीसिमो. मे पासास ला रेसेता?”, म्हणजे “तुझ्या हातून फारच छान झालंय. मला कृती देतेस का?” यात ‘पासास’च्या शेवटच्या अक्षरावर जोर द्यावा.